नेहमीच्या गेस्टच्या घरी कोणी गेलं तर मेसेज कसा लिहायचा (छोट्या हॉटेलवाल्यांसाठी)

दहा-बारा खोल्यांचं हॉटेल असेल तर नेहमी येणारे गेस्ट नुसते गेस्ट राहत नाहीत. नातेवाईकही नसतात म्हणा. त्यामुळे त्यांच्या घरी कोणी गेल्याचं कळलं की नवीन मालक अडकतो, कारण घरच्यासारखं लिहावं तर आगाऊपणा वाटतो आणि ऑफिससारखं लिहावं तर बिलासोबत आलेल्या पत्रासारखं दिसतं. त्यात हॉटेलवाल्याची एक वेगळीच भानगड असते, ती म्हणजे त्या माणसाचं पुढचं बुकिंग आपल्याकडे पडलेलं असतं आणि आपलं सॉफ्टवेअर त्याला आपोआप मेसेज पाठवत असतं. म्हणून इथे एकच केस घेऊन सगळं सांगतो. दरवर्षी जोडीने येणारे एक काका-काकू, त्यातल्या काकू गेल्या, आणि तीन आठवड्यांनी दोघांच्या नावाने खोली बुक आहे. बोलायला सोपं जावं म्हणून काकूंना सुमनकाकू म्हणू, नाव आणि केस दोन्ही नमुन्यापुरतं.

आधी बातमी नीट बघा

हॉटेलवाल्याला अशी बातमी क्वचितच थेट कळते. दुसरा गेस्ट बोलता बोलता सांगतो, नाहीतर त्यांना आणणारा ड्रायव्हर सांगतो, नाहीतर फेसबुकवर फोटो दिसतो. यात गडबड होते ती नात्याची. "त्यांच्या घरी कोणीतरी गेलं" याचं दोन तोंडातून जाताना "त्यांची मिसेस गेली" होतं आणि प्रत्यक्षात गेलेली असते त्यांची वहिनी. तेव्हा ज्याने सांगितलं त्यालाच विचारा की नक्की कोण गेलं, कधी गेलं, आणि तुला कोणी सांगितलं. काकांना फोन करून "खरं आहे का हो?" असं मात्र विचारू नका, त्या दिवसांत ते उत्तर त्यांना आधीच पन्नास जणांना द्यावं लागलेलं असतं. खात्री होत नसेल तर एक दिवस थांबा. उशिरा गेलेला मेसेज चालतो, चुकीच्या माणसाच्या नावाने गेलेला चालत नाही.

लिहायला बसायच्या आधी मशीन बंद करा

ही पायरी नवीन लोक हमखास विसरतात आणि खरं नुकसान इथेच होतं. तुम्ही सकाळी सांत्वनाचा मेसेज पाठवता आणि संध्याकाळी तुमच्याच हॉटेलकडून "फक्त 21 दिवस बाकी, तुम्ही दोघं एक्साइटेड आहात ना!" असा ईमेल जातो. तो कोणी हाताने पाठवलेला नसतो, बुकिंग सॉफ्टवेअरमधे कधीतरी लावून ठेवलेला असतो. पण काकांना ते काय माहीत, त्यांना दोन्हीकडे तुमच्याच हॉटेलचं नाव दिसतं.

तर आधी कंप्यूटरवर बसा आणि त्यांचं रेकॉर्ड उघडा. येण्याआधी जाणारा ईमेल, गेल्यावर जाणारी रिव्ह्यूची विनंती, वाढदिवस आणि लग्नाच्या वाढदिवसाचे मेसेज, हे सगळं त्यांच्यापुरतं बंद करा. काकू आणि काका दोघांचं वेगळं प्रोफाइल असेल तर दोन्हीकडे. ऑफरचे ईमेल वेगळ्या सर्विसमधून जात असतील तर तिथेही, कारण एका ठिकाणी नाव काढलं म्हणून दुसऱ्या ठिकाणचं निघत नाही. रेकॉर्ड डिलीट करू नका हं, जुनी बिलं आणि नोंदी त्यालाच जोडलेल्या असतात, फक्त मेसेज थांबवा आणि नोटमधे साध्या शब्दात लिहून ठेवा की सुमनकाकूंचं निधन झालंय, महिना अमुक.

आणि व्हॉट्सअॅप बिझनेस वापरत असाल तर त्यातला एक सापळा सांगतो. त्यात अवे मेसेज असतो, म्हणजे तुम्ही बंद वेळेत असलात की समोरच्याला आपोआप उत्तर जातं. काका रात्री अकराला "धन्यवाद" लिहितात आणि त्यांना लगेच परत येतं, "संपर्क केल्याबद्दल आभार, आमची वेळ सकाळी नऊ ते रात्री नऊ". ग्रीटिंग मेसेजचंही तसंच, चॅट 14 दिवस शांत राहिली आणि मग समोरून मेसेज आला की तो पुन्हा जातो, आणि दुःखातली माणसं उत्तर द्यायला पंधरा-वीस दिवस घेतातच की. दोन्हीच्या सेटिंगमधे "यांना सोडून सगळ्यांना" असा पर्याय असतो, तिथे काकांचा नंबर टाका. नाहीतर सरळ हॉटेलच्या नंबरऐवजी स्वतःच्या नंबरवरून पाठवा, काकांकडे तो सेव्ह असेल तर. मला तर तेच जास्त बरं वाटतं, कारण मग वर हॉटेलचा लोगो आणि खाली कॅटलॉग असलं काही दिसत नाही.

कुठे पाठवायचा

ज्या रस्त्याने ते तुमच्याशी नेहमी बोलतात तिथेच. मेसेजवर बोलत असतील तर मेसेज, ईमेलवर असतील तर ईमेल. फोन करायचा तर खरंच तेवढी ओळख हवी, कारण फोन घेतला की त्यांना बोलावं लागतं आणि मेसेज मात्र त्यांना हवा तेव्हा वाचता येतो. व्हॉइस नोट नको. दिवा, फूल, हात जोडलेली इमेज नको, ती फॉरवर्ड आहे हे लहान पोरालाही कळतं.

इथे हॉटेलवाल्याने एक गोष्ट फार जपायची असते. आपल्याला लोकांबद्दल जे माहीत असतं ते त्यांच्या घरच्यांनाही माहीत असेल असं नाही. कोण कोणाबरोबर आलं, कधी आलं, किती वेळा आलं, हे सगळं आपल्या रजिस्टरमधे आहे, पण ते सांगायचा हक्क आपला नाही. म्हणून रजिस्टरमधला घरचा पत्ता शोधून तिथे कार्ड पाठवणं मला पटत नाही, दुःखाच्या घरात पत्र कोण उघडेल सांगता येत नाही. बुकिंगला दिलेला नंबर ऑफिसचा किंवा मुलाचा असेल तर तोही नको. जोडीने येणाऱ्या काका-काकूंच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, पण ज्या गेस्टचं कुटुंब तुम्ही कधी पाहिलेलंच नाही त्याच्या मेसेजमधे "तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा" असलं काही येऊच देऊ नका. तिथे दोन ओळी पुरे, तुमच्या घरी असं झाल्याचं कळलं, वाईट वाटलं, बस.

मजकूर

आता खरं काम. पहिल्या झटक्यात बहुतेक जण जे लिहितात ते साधारण असं असतं:

"आदरणीय सर, आपल्या पत्नीच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून आम्हा सर्वांना धक्का बसला. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो व आपणास हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. या कठीण काळात आमचं संपूर्ण हॉटेल परिवार आपल्या पाठीशी आहे. काहीही मदत लागली तर नक्की कळवा. आपल्या 14 तारखेच्या बुकिंगबाबत काय करायचं ते कृपया कळवावे. आपले नम्र, व्यवस्थापन."

यात खोटं काही नाही. पण हा मेसेज कोणालाही जाऊ शकतो, पाठवणारी बँक असती तरी चाललं असतं. काकूंचं नाव नाही, "पत्नी" आहे, म्हणजे इतकी वर्षं येणाऱ्या बाईचं नाव हॉटेलवाल्याला आठवलं नाही असा अर्थ निघतो. ज्यांना रोज "काका" म्हणतो ते अचानक "आदरणीय सर" झाले. देव आणि आत्मा आलाय, समोरचा मानतो की नाही ते माहीत नसताना. "काहीही मदत लागली तर" हे वाक्य तर त्यांच्यावरच काम टाकतं, की आता तुम्ही विचार करून सांगा आम्ही काय करू. दुसऱ्या गावातला हॉटेलवाला काय मदत करणार आहे तसंही? आणि शेवटी बुकिंगचा प्रश्न, म्हणजे वरचं सगळं त्या प्रश्नासाठीच लिहिलं होतं की काय असं वाटायला लावणारा. खाली "व्यवस्थापन", माणसाचं नाव नाही.

मग काय लिहायचं? मी चार गोष्टी बघतो. गेलेल्या माणसाचं नाव. तुम्हाला वाईट वाटलं हे साध्या शब्दात. त्या माणसाची एक आठवण जी तुम्ही स्वतः तुमच्या हॉटेलमधे पाहिलेली आहे. आणि उत्तर द्यायची गरज नाही हे.

आठवण निवडणं हेच अवघड आहे, तिथे जरा वेळ घाला. "काकू फार प्रेमळ होत्या" ही आठवण नाही, ते सर्टिफिकेट झालं. सुचत नसेल तर खोल्या आवरणाऱ्या मुलीला विचारा, रिसेप्शनपेक्षा तिला जास्त माहीत असतं. ती सांगेल की सुमनकाकू जायच्या दिवशी चादरी स्वतः घडी करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवायच्या, "काकू त्या धुवायलाच जातात हो" असं दरवर्षी सांगितलं तरी ठेवायच्याच, वर उशीचे अभ्रे काढून त्यावर. हे झालं. हे काकांनी पाहिलेलं आहे, वाचल्यावर त्यांना त्या दिसतील, आणि यात काकूंचं काही उघड होत नाही.

उलट काही आठवणी खऱ्या असूनही लिहायच्या नसतात. गुडघे दुखायचे म्हणून खालची खोली मागायच्या, हे लिहू नका, तब्येतीची गोष्ट आली. मागच्या वर्षी दमलेल्या वाटत होत्या, हे तर अजिबात नको, काका रात्रभर विचार करत बसतील की हॉटेलवाल्याला दिसलं ते मला कसं नाही दिसलं. दोघांचं खोलीत झालेलं भांडण, पैशाची घासाघीस, कितीही गमतीची असली तरी नको. आणि तुम्ही काकूंना पाहिलेलंच नसेल, काका एकटेच येत असतील, तर आठवण बनवू नका. त्याऐवजी काका त्यांच्याबद्दल काय बोलायचे ते लिहा, "दरवेळी तुम्ही इथून पहिला फोन त्यांना करायचात" एवढंही पुरतं.

आता हे जोडून:

"काका, सुमनकाकू गेल्याचं काल कळलं. फार वाईट वाटलं. निघायच्या दिवशी चादरी घडी करून ठेवायची त्यांची सवय आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत. आज आम्ही सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होतो. बुकिंगचा विचारही करू नका, ते मी बघतो. या मेसेजला उत्तर द्यायची काही गरज नाही. – (तुमचं नाव)"

सहा-सात ओळी आहेत, फोनच्या स्क्रीनवर स्क्रोल न करता मावतात. याहून लांब झाला की तुम्ही स्वतःबद्दल लिहायला लागलात असं समजा, म्हणजे तुम्हाला कसा धक्का बसला, तुमच्या घरी कोणी गेलं तेव्हा काय झालं वगैरे. ते कापा. "त्या सुटल्या", "वय झालं होतं", "वेळ हेच औषध" हे पण कापा. घरचे तसं स्वतः म्हणतात तो त्यांचा अधिकार, आपण म्हणायचं नाही.

खाली स्वतःचं नाव लिहा, हॉटेलचं नाही, फक्त नंबर त्यांच्याकडे सेव्ह नसेल अशी शंका असेल तर नावापुढे हॉटेलचं नाव जोडा, नाहीतर हा कोण म्हणून ते बिचारे शोधत बसतील. पाठवायच्या आधी नाव आणि नातं पुन्हा वाचा, कीबोर्ड आपोआप बदलतो. व्हॉट्सअॅपवर मेसेज 15 मिनिटांपर्यंत एडिट करता येतो पण एडिट केलाय हे त्यांना दिसतं. दिवसा पाठवा. आणि स्टाफला सांगा की हॉटेलकडून एकच मेसेज गेलाय, प्रत्येकाने वेगळा पाठवायची गरज नाही.

बातमीच दोन महिन्यांनी कळली तर? तरी पाठवा. "मला आत्ता कळलं" एवढं म्हणा आणि पुढे तेच. उशीर का झाला याचं पुराण नको. खरं तर तोपर्यंत बाकीच्यांचे मेसेज थांबलेले असतात, त्यामुळे तो जास्त नीट वाचला जातो.

बुकिंगचं काय

वर मी "ते मी बघतो" एवढंच लिहिलंय, आणि ते लिहिलं म्हणजे खरंच बघायला हवं. तारीख तीन आठवड्यांवर आहे म्हणून ही ओळ घातली, नाहीतर काकांच्या डोक्यात ते कुठेतरी टोचत राहिलं असतं. तारीख चार महिन्यांवर असती तर पहिल्या मेसेजमधे बुकिंगचा शब्दही नको.

स्वतःहून कॅन्सल करून टाकू नका. काही माणसं मुद्दाम येतात, त्याच खोलीत, एकटी नाहीतर मुलीला घेऊन. खोली धरून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी वेगळा छोटा मेसेज करा: "काका, तुमची खोली धरून ठेवली आहे. यायचं असेल तर आहेच, नसेल तर मी काढून टाकतो आणि अॅडव्हान्स पूर्ण परत करतो. पुढची तारीख हवी असेल तरी चालेल. घाई नाही." त्यात नियम, कॅन्सलेशन पॉलिसी, टक्के काही नाही. आतल्या आत तुम्ही ठरवून ठेवा की कोणत्या दिवसापर्यंत खोली विकायची नाही, पण तो दिवस त्यांना सांगत बसू नका. उत्तर नाही आलं तर तारखेच्या तीन-चार दिवस आधी एकदाच फोन करा, किंवा मुलाचा नंबर असेल आणि त्याच्याशी आधी बोललेला असाल तर त्याला. शेवटपर्यंत कळलंच नाही तर खोली रिकामी ठेवा आणि पैसे परत करा. छोट्या हॉटेलला ते परवडत नाही असं कोणी म्हणेल, पण एका गेस्टचे एक-दोन दिवस आहेत हो, आणि असं वर्षात किती वेळा होतं.

बुकिंग थेट तुमच्याकडे असेल तर हे सोपं आहे. बुकिंग साइटवरून आलेलं असेल तर "ते मी बघतो" म्हणण्याआधी बघा की तुमच्या हातात किती आहे. पैसे साइटने घेतले असतील तर ते तुमच्याकडे नसतातच, आणि बऱ्याच ठिकाणी कॅन्सलची विनंती गेस्टच्या अकाउंटवरून यावी लागते, मग तुम्ही चार्ज माफ करता. बुकिंग काकूंच्या नावाने आणि काकूंच्या फोनवरून झालेलं असेल तर अजून गुंता, ते अकाउंट आता कोण उघडणार. अशा वेळी काकांना स्टेप्स पाठवत बसू नका, आधी तुम्ही साइटच्या हॉटेल सपोर्टला फोन करा, कारण सांगा, चार्ज माफ करायला आमची तयारी आहे म्हणा, आणि त्यांच्या बाजूने काय लागेल ते विचारून घ्या. साइट स्वतः जे रिमाइंडर पाठवते ते मात्र तुम्हाला थांबवता येत नाहीत, बुकिंग असेपर्यंत ते जातच राहणार. म्हणून काका नको म्हणाले की त्याच दिवशी ते काढा.

रिफंडमधली एक अडचण आधीच डोक्यात ठेवा. पैसे सहसा ज्या कार्डावरून आले त्यावरच परत जातात आणि कार्ड काकूंचं असेल तर ते खातं बंद झालेलं किंवा बंद करायला टाकलेलं असू शकतं. मग रिफंड "झाला" असं तुम्हाला दिसतं आणि त्यांना मिळत काहीच नाही. तेव्हा आधी विचारा, "पैसे कुठे पाठवू?" एवढंच, कारण न सांगता.

पुढच्या वेळी ते आले की

रिसेप्शनवर जो असेल त्याला त्या दिवशी सकाळी सांगा, नोट वाचली असेल या भरवशावर राहू नका. "काकू नाही आल्या का?" हा प्रश्न प्रेमापोटीच येतो आणि तोच सगळ्यात वाईट. बुकिंग घेताना एवढंच विचारा की नेहमीचीच खोली ठेवू की दुसरी देऊ, आणि ते जे म्हणतील ते. स्वतःच्या मनाने खोली बदलून टाकू नका. भेटल्यावर मालकाने एकदा, काउंटरपासून जरा बाजूला, काकूंचं नाव घेऊन दोन वाक्यं बोलावीत आणि मग किल्ली द्यावी. बाकी स्टाफने रांगेत येऊन तेच तेच बोलू नये. काका स्वतः विषय काढतील तर ऐका, आणि त्या वेळी हातातलं रजिस्टर खाली ठेवा.

वर्ष झाल्यावर आठवण म्हणून मेसेज करायचा का हे पण लोक विचारतात. माझं मत, करू नका. तारीख तुमच्याकडे सॉफ्टवेअरमधे आहे म्हणून आठवली हे त्यांना कळतं. त्या सुमारास त्यांचा फोन बुकिंगसाठी आलाच तर बोला, नाहीतर राहू द्या.